नवी कॅप उंच लागते? दवाखान्याला असं पत्र लिहा

गेल्या जूनमधली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी विहारात आमच्या आरोग्य गटाची बैठक संपत आली होती. बाया चपला शोधत होत्या, तेवढ्यात एक ताई मागे थांबली. चार घरी पोळ्या करणारी, वय साधारण पस्तीस. उजवा हात गालावर. म्हणाली, "सिस्टर, दाढेला कॅप बसवली आठ दिवसांपूर्वी. पाच हजार गेले. आणि आता भाकरीचा तुकडा चावला की खडा चावल्यासारखं होतं. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, सवय होईल, पंधरा दिवस थांबा. थांबू का?"

आम्ही तिला थांबू नको म्हणालो. का, ते इथे सविस्तर लिहितो आहोत, कारण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बाया-पुरुष वर्षभरात बरेच भेटतात. आणि बहुतेक जण परत दवाखान्यात जातच नाहीत. पैसे देऊन झालेले असतात, एक दिवसाची मजुरी बुडवायची नसते, आणि "किती नखरे करता" असं कोणी म्हणेल ही भीती मनात असते. मग दुसऱ्या बाजूने चावत राहतात. सहा महिन्यांनी कॅप तरी फुटते, नाहीतर वरचा चांगला दात दुखायला लागतो.

आधी ताईची हकीकत नीट सांगतो. तिच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल एप्रिलमध्ये झालं. रूट कॅनल झालेली दाढ आतून पोखरलेली असल्यामुळे कमकुवत होते, फुटू शकते, म्हणून तिच्यावर टोपी बसवतात, तीच कॅप. ८ मे रोजी डॉक्टरांनी दाढ चहूबाजूंनी घासून बारीक केली आणि माप घेतलं. माप लॅबमध्ये जातं, तिथे कॅप तयार होते. आठवड्यात कॅप आली होती. पण ताईच्या घरी लग्न निघालं, ती गावी गेली, मग कामाच्या घरची माणसं सुट्टी देईनात. कॅप बसली ती थेट ५ जूनला, म्हणजे माप घेतल्यावर चार आठवड्यांनी. मधल्या काळात दाढेवर तात्पुरती कॅप बसवलेली नव्हती.

हे चार आठवडे महत्त्वाचे आहेत. दात म्हणजे भिंतीत पुरलेला खुंटा नव्हे. समोरचा दात टेकायला मिळाला नाही की तो हळूहळू त्या मोकळ्या जागेकडे सरकतो. शेजारचे दातही कलतात. माप घेतलं त्या दिवशी जेवढी जागा होती तेवढी चार आठवड्यांनी राहत नाही. लॅबने कॅप बरोबर मापाची केली, पण तोंड तेच राहिलं नव्हतं. शिवाय बसवताना सिमेंटचा थर जरा जाड राहिला, किंवा कॅप पूर्ण खाली दाबली गेली नाही, तरी ती उंच बसते. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात. म्हणून डॉक्टरने मुद्दाम चुकीचं केलं असं समजायचं कारण नाही. पण बसवल्यावर चावा तपासून बघणं आणि उंच असेल तर घासून देणं हे त्यांचं काम आहे, ही गोष्टही तेवढीच खरी.

ताईने सांगितलं, "कॅप चिकटवायच्या आधी चावून बघा म्हणाले. मी आडवी झोपलेले, तोंडात कापूस. थोडं वर वाटतंय म्हटलं, तर म्हणाले नवीन आहे ना. बाहेर आणखी चार पेशंट बसलेले." इथे एक बारीक गोष्ट आहे. खुर्चीत आडवं झोपून आपण दात मिटतो तेव्हा जबडा थोडा मागे जातो. जेवताना आपण बसून चावतो. म्हणून आडवं झोपून बरोबर वाटलेली कॅप घरी गेल्यावर उंच लागू शकते. भूल दिलेली असेल तर आणखीच कळत नाही. खालच्या जबड्याला सुई दिली असेल तर दोन-चार तास ओठ जड राहतो, त्या वेळात पेशंट "बरोबर आहे" म्हणून निघून जातो आणि रात्रीच्या जेवणाला कळतं.

आता प्रश्न येतो, एवढीशी उंची, तिचा त्रास एवढा कसा? वहीचं एक पान साधारण एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं जाड असतं. कॅप तेवढी उंच असली तरी पुरे. आपले दात त्याहूनही बारीक गोष्ट ओळखतात. भातातला बारीक खडा डोळ्याला दिसत नाही, दाताला कळतो. हे कसं होतं? दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मधे धाग्यांची एक पातळ गादी असते, एक मिलिमीटरच्या साधारण पाचव्या भागाएवढी. दाब किती पडला ते ही गादीच मेंदूला कळवते. कॅप उंच असली की दात मिटताना सगळा भार आधी त्या एका दाढेवर येतो. बाकीचे दात टेकायच्या आत तिलाच दणका बसतो. दिवसभरात जेवताना, थुंकी गिळताना, रात्री झोपेत दात खाताना, किती वेळा ते मोजता येणार नाही. गादी सुजते. मग नुसतं बोटाने ठोकलं तरी दाढ दुखते.

बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो. "नस तर काढून टाकली, मग दुखतं कसं? म्हणजे रूट कॅनल फसलं." तसं नेहमी नसतं. रूट कॅनलमध्ये काढतात ती दाताच्या आतली नस. बाहेरची गादी जिवंतच असते आणि ती दुखू शकते. ओळखायची एक खूण अशी, की गार पाणी लागून त्या दाढेत कळ येत नाही, पण चावलं की दुखतं. ताईचंही तसंच होतं. उलट तिच्या वरच्या दाढेला, जी पूर्ण धडधाकट होती, चौथ्या-पाचव्या दिवसापासून गार पाणी झोंबायला लागलं. कॅपचा मार वरच्या दातालाही बसतो, आणि त्याची नस जिवंत असल्यामुळे तो तक्रार करतो. सकाळी उठल्यावर उजवं कानशील जड वाटायचं, तेही जबड्याच्या स्नायूंमुळे. जबडा झोपेतही उंच दाताला चुकवायला बघतो आणि स्नायू थकून जातात.

नवी कॅप पहिले दोन-तीन दिवस परकी वाटते हे खरं आहे. जीभ तिथेच जाते, हिरडी हुळहुळते, शेजारच्या दातात दाटल्यासारखं वाटतं. हे कमी होत जातं. पण दात मिटताना पहिल्यांदा तीच दाढ टेकत असेल, बाकीचे दात भेटतच नसतील, तर ते आपोआप बरं होत नाही. होतं ते एवढंच, की दाब सहन करून दाढ थोडी खाली दबते किंवा वरचा दात सरकतो, आणि आपल्याला वाटतं सवय झाली. तोपर्यंत कॅपचा कंगोरा उडतो किंवा सिमेंट सुटतं. म्हणून आमचा हिशोब साधा आहे. तीन दिवसांत कमी होत नसेल तर परत जायचं. पंधरा दिवस नाही.

ताईला आम्ही ताठ बसवलं, हळूच दात मिटायला सांगितलं आणि विचारलं, आधी कुठे टेकतं? तिने डोळे मिटून बोट थेट कॅपवर ठेवलं. मग पतंगाच्या पांढऱ्या पातळ कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापली. आधी डाव्या दाढांमध्ये धरून दात मिटायला लावले आणि पट्टी ओढली. सरळ निघून आली. मग उजवीकडे कॅपवर धरली, दात मिटले, ओढली तर फाटली. म्हणजे डाव्या बाजूचे दात नीट टेकतच नव्हते, सगळा भार कॅपवर होता. दवाखान्यात हेच काम याहून कितीतरी पातळ चकचकीत पट्टीने करतात. घरची पट्टी काही निदान नव्हे. कोणाचे दात आधीपासूनच वेडेवाकडे असले तर कागद एका बाजूने निघणारच. पण कॅप बसवायच्या आधी दोन्हीकडे नीट चावता येत होतं आणि आता येत नाही, एवढं डॉक्टरला सांगायला ती पुरते. पट्टी लांब घ्या आणि टोक हातात ठेवा, घशात जाऊ देऊ नका.

एक काम मात्र कधीच करू नका. नेलकटरची कानस, पॉलिश पेपर किंवा चाकूची धार लावून कॅप घासायची नाही. मागे एकाने असं केलं. कॅपवरचा चिनीमातीसारखा थर खरखरीत झाला आणि त्या खरखरीत पृष्ठभागाने समोरचा दात कानसासारखा झिजवला. कॅप सुटून हातात आली तर ती डबीत जपून दवाखान्यात न्या, बाजारातल्या गोंदाने चिकटवू नका.

मग आम्ही ताईला म्हणालो, उद्या जा, पण तोंडी सांगायला नको. कागद घेऊन जा. फोन उचलणारी मुलगी वेगळी, खुर्चीशी उभी मदतनीस वेगळी, डॉक्टर वेगळे. तोंडी सांगितलेलं तिघांत हरवतं. आणि पुढे कॅप फुटलीच तर "आम्हाला कधी सांगितलंच नाही" असं होतं. ताई सातवीपर्यंत शिकलेली. ती सांगत गेली, आम्ही लिहीत गेलो, मग तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून काढलं. तिच्या परवानगीने पत्र इथे देत आहोत. नाव आणि पत्ता काढून टाकला आहे.

दिनांक : १४ जून २०२५

प्रति,
डॉक्टर मॅडम,
(दवाखान्याचं नाव)

विषय : ५ जूनला बसवलेली कॅप चावताना उंच लागते, ती तपासून घासून देण्याबाबत व नंतरच्या तपासणीची तारीख मिळण्याबाबत.

महोदया,

मी आपली पेशंट आहे. केस पेपरची झेरॉक्स सोबत जोडली आहे. माझ्या खालच्या उजव्या दाढेचं, आपल्या कागदावरचा दात क्रमांक ४६, रूट कॅनल आपल्याकडे एप्रिल महिन्यात झालं. ८ मे रोजी कॅपचं माप घेतलं. गुरुवार ५ जून रोजी संध्याकाळी कॅप सिमेंटने पक्की बसवली. त्या वेळी सुई दिली नव्हती. मी "थोडं वर वाटतं" असं सांगितलं होतं.

त्या रात्रीपासून दात मिटताना सर्वात आधी हीच दाढ टेकते. डाव्या बाजूचे दात नीट भेटत नाहीत. कॅप बसवण्याआधी दोन्ही बाजू भेटत होत्या. भाकरी, चपाती उजवीकडे चावली की दाढ दुखते, सोडल्यावर थांबते. गार-गरम लागून या दाढेत कळ येत नाही. तिसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्यावर उजवं कानशील दुखतं. ९ जूनपासून वरच्या उजव्या दाढेला गार पाणी झोंबतं, आधी असा त्रास नव्हता. सूज नाही, ताप नाही, पू नाही, तोंड पूर्ण उघडतं. कॅप हलत नाही. आतापर्यंत पॅरासिटामॉल ५०० च्या तीन गोळ्या घेतल्या. ९ जूनला फोन केला तेव्हा पंधरा दिवस थांबायला सांगितलं, पण त्रास कमी न होता वाढत आहे.

आपल्याला विनंती आहे की मला ताठ बसवून चाव्याच्या कागदाने कॅप तपासावी. सरळ चावताना आणि जबडा दोन्ही बाजूंना सरकवताना, असं दोन्ही बघावं. उंच असलेली जागा घासून नंतर पॉलिश करून द्यावी. आपल्याला गरज वाटली तर एक्स-रे काढावा. काय आढळलं आणि काय केलं याची माझ्या केस पेपरवर नोंद करावी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणीची तारीख द्यावी. घासून कॅप फार पातळ होत असेल किंवा बदलावी लागत असेल, तर घासण्याआधी मला सांगावं आणि खर्च कोणी करायचा तेही त्याच वेळी स्पष्ट करावं.

मी सोमवार ते शनिवार सकाळी अकरापर्यंत कामावर असते. त्यानंतर कधीही येऊ शकते. उत्तर खालील नंबरवर कळवावं ही विनंती.

आपली पेशंट,
(सही, नाव, मोबाईल नंबर)

पत्र साधं आहे, पण त्यातल्या काही गोष्टींवर आम्ही अडून बसलो होतो.

पहिली गोष्ट दात कुठला ती. "उजवीकडची दाढ" म्हटलं तर वरची की खालची, पुढची की मागची, हे कळत नाही. दाताचे डॉक्टर तोंडाचे चार भाग करतात. वरचा उजवा पहिला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. मग समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जातात. खालच्या उजव्या भागातला सहावा म्हणून ४६. केस पेपरवर हा आकडा असतोच, नसला तर आरशात बघून मोजा.

दुसरी गोष्ट, आम्ही पत्रात रोगाचं नाव लिहू दिलं नाही. ताईला लिहायचं होतं, "कॅप चुकीची बसवली आहे." आम्ही म्हणालो, कॅप चुकीची आहे की सिमेंट जाड आहे की दात सरकला आहे, हे तपासल्यावरच कळेल. आपल्याला जे माहीत आहे ते लिहू: आधी काय टेकतं, कधी दुखतं, कधी थांबतं. याला डॉक्टर नाही म्हणू शकत नाहीत, कारण आपलं तोंड आपल्यालाच माहीत. दोष दिला की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो आणि कॅप तपासायची राहून जाते. ताईला हे लगेच पटलं नाही. पाच हजार तिचे होते. पण "मी तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य तिने घालायला लावलं, आणि ते बरोबर होतं, कारण ते खरं होतं.

तिसरी गोष्ट, काय नाही तेही लिहायचं. सूज नाही, ताप नाही, पू नाही. यावरून दवाखान्याला कळतं की पेशंटला आज रात्रीच बोलवायचं की सोमवारी चालेल. यातलं काही असेल, म्हणजे गाल किंवा गळा सुजला, ताप आला, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, गिळता येईना, तर पत्र लिहीत बसायचं नाही. त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जायचं.

आणि पत्रात अँटिबायोटिक मागितलेलं नाही, हे बघा. आमच्या वस्तीत दाताच्या प्रत्येक दुखण्यावर मेडिकलमधून पाच दिवसांची अँटिबायोटिक आणायची सवय आहे. उंच कॅपला जंतू लागलेले नसतात. पॅरासिटामॉलने चार तास बरं वाटेल, अँटिबायोटिकने तेही नाही. उंची फक्त घासूनच कमी होते.

पत्राच्या दोन प्रती केल्या. शनिवारी दुपारी ताईने एक प्रत दवाखान्यात दिली आणि दुसरीवर मदतनीसाकडून "मिळालं" असं लिहून तारीख आणि सही घेतली. फोटो काढून दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवरही टाकला. त्याच संध्याकाळी फोन आला, सोमवारी साडेअकराला या.

सोमवारी आम्ही सोबत गेलो. डॉक्टर मॅडमनी पत्र वाचलेलं होतं आणि त्या रागावलेल्या नव्हत्या. खुर्ची ताठ केली. कॅप आणि वरची दाढ कापसाने कोरडी केली, कारण ओल्या दातावर खूण उठत नाही. मग निळा पातळ कागद मधे धरून "टक-टक चावा" म्हणाल्या. कॅपच्या बाहेरच्या उंचवट्यावर एक गोल डाग उठला, कडेला गडद निळा आणि मधे कोरा. जास्त भार पडतो तिथे असाच डाग उठतो, कारण दाबामुळे मधला रंग पुसला जातो. पाण्याच्या फवाऱ्यात बारीक हिऱ्याच्या टोकाने तेवढीच जागा क्षणभर घासली. परत कागद. परत घासलं. असं चार वेळा झालं, दर वेळी डाग फिका आणि छोटा होत गेला. प्रत्येक वेळी थोडंच काढायचं यालाही कारण आहे. काढलेलं परत लावता येत नाही, आणि जास्त काढलं तर दाढ टेकणारच नाही किंवा वरचा थर संपून खालचा धातू दिसायला लागतो.

मग लाल कागद घेऊन जबडा उजवीकडे-डावीकडे सरकवायला सांगितला. आतल्या बाजूच्या उंचवट्यावर एक लाल रेघ आली. तीही काढली. नुसतं सरळ चावून बघितलं असतं तर ही राहून गेली असती, आणि आपण भाकरी सरळ चावत नाही, रवंथ केल्यासारखी आडवी दळतो. शेवटी रबराच्या टोकाने पॉलिश. घासलेली कॅप तशीच सोडली तर खरखरीत राहते आणि वरचा दात झिजवते, म्हणून पॉलिश मागून घ्या, बोट फिरवून बघितलं तर गुळगुळीत लागायला हवं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागली. पैसे घेतले नाहीत. एक्स-रे काढला, मुळाशी काही नव्हतं.

खडा लागणं तिथेच थांबलं. ताई खुर्चीतून उठून दात मिटत-उघडत राहिली. पण दुखणं लगेच गेलं नाही, आणि ते जाणारही नव्हतं. गादी सुजलेली होती, सूज उतरायला वेळ लागतो. आठवडाभर मऊ खा, सुपारी नको, भाजलेले दाणे-फुटाणे नकोत, असं मॅडमनी सांगितलं.

दोन आठवड्यांनी परत का जायचं, हे लोकांना कळत नाही. बरं वाटलं की तारीख चुकवतात. सुजलेली गादी दाताला किंचित वर उचलून धरते. सूज असताना घासलेली कॅप, सूज उतरल्यावर वेगळी टेकते. कधी एखादी बारीक जागा राहते, कधी सगळं ठीक असतं. शिवाय त्या वेळेपर्यंत चावताना दुखणं गेलं नसेल तर कारण उंची नाही, दुसरं काही आहे, हे त्या तारखेला कळतं. दाढेला भेग असू शकते, मुळाशी जंतू राहिलेले असू शकतात.

तसंच एक उदाहरण आम्हाला आठवतं. एका रिक्षावाल्या दादाची तक्रार अगदी ताईसारखीच होती, नवी कॅप, चावताना दुखतं. पण त्याची कागदाची पट्टी दोन्हीकडे सारखीच धरत होती. ब्रश लावला की कॅपच्या कडेला हिरडीतून रक्त यायचं. हिरडीखाली जास्तीच्या सिमेंटचा एक कण अडकून राहिला होता. तो काढला, चार दिवसांत थांबलं. त्याची कॅप घासली असती तर दुखणं तसंच राहिलं असतं आणि कॅप वाया गेली असती. म्हणून पत्रात "घासून द्या" च्या आधी "तपासा" हा शब्द हवा.

दवाखाना ऐकत नसेल तर? अशी वेळही आलेली आहे. मग आपल्या केस पेपरची, एक्स-रेची आणि कॅप कशाची आहे याची नोंद लेखी मागा आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवा. मुंबईत मुंबई सेंट्रलजवळचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. सकाळी लवकर जायचं, केस पेपर काढायचा आणि हेच पत्र दाखवायचं. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. पहिल्या दवाखान्याची सही असलेली प्रत जवळ असली की नव्या डॉक्टरला सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

ताईची दुसरी तारीख ३० जून होती. त्या दिवशी एका घरी पाहुणे होते, पोळ्या जास्त होत्या, तरी ती गेली. निळ्या कागदावर या वेळी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखे फिके ठिपके उठले. कॅपवर एकच टिंब जरा गडद होतं, ते घासून पॉलिश केलं. कानशिलाचं दुखणं आठवड्यात थांबलं होतं. वरच्या दाढेला गार पाणी अजून थोडं झोंबत होतं, मॅडम म्हणाल्या महिनाभर बघू, वाढलं तर या. जुलैअखेर तेही गेलं. पत्राची सही असलेली प्रत ताईने घरातल्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे, आणि शेजारच्या वहिनीच्या सासऱ्यांना कॅप बसवायची आहे म्हणून परवा तिची झेरॉक्स काढून नेली.